शंभर डेसिबल, पण कुठे उभं राहून?

गणपतीत आमच्या गल्लीत दोन फोनांचं भांडण झालं. सोलापूरच्या पूर्व भागातली चिंचोळी गल्ली, तोंडाशी मंडळाचा मांडव, मांडवाच्या बांबूला एक कर्णा बांधलेला. मंडळाचा एक पोरगा कर्ण्याखाली फोन धरून सगळ्यांना दाखवत होता, आवाज मोजायचं अॅप १०० डेसिबल म्हणत होतं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहणारे अण्णा त्यांच्या गॅलरीतून मोजलेला आकडा घेऊन आले होते, ७४. पोराला वाटलं अण्णांचा फोन मेला आहे. अण्णांना वाटलं पोरगं आवाज किती दणदणीत आहे ते मिरवतंय. मी भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

दोन्ही फोन शेजारी शेजारी धरून पाहिले, तर दोघांत एका डेसिबलचाही फरक नव्हता. म्हणजे दोन्ही आकडे खरे. पोरगा कर्ण्यापासून २ मीटरवर उभा होता, अण्णांची गॅलरी टेपने मोजली तर ६० मीटरवर निघाली. अंतर न सांगता डेसिबल सांगणं म्हणजे ‘शंभर रुपये’ म्हणून थांबणं. किलोला की पोत्याला, ते कळल्याशिवाय स्वस्त-महाग कसं ठरवणार? फटाक्यांचा नियम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. फटाक्याच्या आवाजाची १२५ डेसिबलची मर्यादा आहे ती फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर, आणि हे ४ मीटर नियमातच लिहिलेले आहेत.

मग प्रश्न असा की २ मीटरवर १०० असेल, तर ६० मीटरवर किती असायला हवं? ७४ बरोबर बसतं का? यासाठी दोन गोष्टी जोडाव्या लागतात. एक, आवाजाची ऊर्जा अंतराबरोबर कशी पातळ होते. दुसरी, डेसिबल ती ऊर्जा कोणत्या हिशेबाने मोजतं. या दोन्ही सोप्या आहेत. गोंधळ होतो तो त्या जोडताना.

पहिलीसाठी आपली भाकरीच घ्या. ज्वारीच्या पिठाचा एक गोळा घेऊन वीतभर भाकरी थापली. आता तेवढ्याच गोळ्याची दुप्पट रुंद भाकरी थापायची. पीठ तेवढंच, पण क्षेत्रफळ चौपट, म्हणून जाडी चौथाई. तिप्पट रुंद थापली तर जाडी नवव्या हिश्शावर येते. (कडक भाकरी करणाऱ्या बायका हे वर्गाचं गणित तळहाताने करतात.) लहान उगमातून निघालेला आवाज असाच, फक्त तो ताटावर न पसरता फुग्यासारखा चहूबाजूंनी पसरतो. उगमापासून दुप्पट लांब गेलात की त्या फुग्याचा पृष्ठभाग चौपट झालेला असतो, आणि तुमच्या कानाच्या वाट्याला येणारी ऊर्जा चौथाई उरते. दहापट लांब गेलात तर शंभरावा हिस्सा. हाच व्यस्त वर्गाचा नियम. यात ऊर्जा कुठे नाहीशी होत नाही, हवेने ती खाल्लेलीही नसते. ती फक्त जास्त जागेवर वाटली जाते.

दुसरी गोष्ट डेसिबलची. आपला कान ज्या ऊर्जा ऐकू शकतो त्यांचा पल्ला भलताच मोठा आहे. जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कानात दुखायला लागेल असा आवाज यांच्या ऊर्जेत एकावर बारा शून्यं इतकं अंतर आहे. एवढे आकडे रोज कोण लिहिणार? म्हणून डेसिबलने एक युक्ती केली. ऊर्जा किती ‘पट’ झाली ते मोजायचं, आणि प्रत्येक दहापटीला १० डेसिबल द्यायचे. ऊर्जा दहापट झाली तर १० डेसिबल वाढले, शंभरपट झाली तर २०, हजारपट झाली तर ३०. कमी होतानाही तसंच, दहावा हिस्सा उरला की १० वजा. ऊर्जा दुप्पट झाली की जवळजवळ ३ वाढतात. हा ३ लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरून घोळ होणार आहे.

थोडक्यात, बाहेर गुणाकार चालला असेल तर डेसिबलमध्ये बेरीज चालते, आणि भागाकार चालला असेल तर वजाबाकी. आता जोडा. अंतर दुप्पट झालं म्हणजे ऊर्जा चौथाई. चौथाई म्हणजे दोनदा निम्मी, म्हणजे दोनदा ३ वजा, एकूण ६. अंतर दहापट झालं म्हणजे ऊर्जा शंभरावा हिस्सा, म्हणजे २० वजा. सूत्रात लिहायचं तर असं:

```
L2 = L1 - 20 × log10(r2 / r1)
```

L1 हा r1 अंतरावर मोजलेला आकडा, L2 हा r2 अंतरावर अपेक्षित असलेला. अकरावीतल्या माझ्या भाचीने इथेच मला अडवलं. “मामा, डेसिबलच्या व्याख्येत तर १० होता, इथे २० कुठून आला?” प्रश्न बरोबर आहे, आणि निम्मे लोक नेमके इथेच चुकतात. व्याख्येतला १० ऊर्जेसाठी आहे. पण ऊर्जा अंतराच्या वर्गाने घटते, आणि लॉगमध्ये वर्ग गेला की तो दोन होऊन पुढे येतो. दहा गुणिले दोन, वीस. ज्यांना ‘दुप्पट म्हणजे ३’ एवढंच आठवतं ते अंतर दुप्पट झालं तरी ३ च वजा करतात. ऊर्जा दुप्पट झाली तर ३, अंतर दुप्पट झालं तर ६. बाजूला अगदी तसाच दुसरा कर्णा लावला तर आवाज ३ ने वाढेल. एकाच कर्ण्यापासून निम्म्या अंतरावर आलात तर ६ ने.

आता गल्लीचा हिशेब. २ मीटरवर १००. चार मीटरवर ९४, आठवर ८८, सोळावर ८२, बत्तीसवर ७६, चौसष्टवर ७०. अण्णा चौसष्टच्या जरा अलीकडे, म्हणून सत्तरहून किंचित जास्त, साडेसत्तर धरू. फोन मात्र ७४ म्हणत होता. मधले साडेतीन डेसिबल कुठून आले?

नियमावर संशय घ्यायच्या आधी तो मोकळ्या जागेत तरी खरा ठरतो का हे पाहावं, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि भाची होम मैदानावर गेलो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत जिथे शोभेचं दारूकाम होतं तेच हे मैदान. एरवी पहाटे तिथे फिरायला येणारी माणसं आणि कुत्री, एवढंच. एका स्टुलावर वीतभर ब्लूटूथ स्पीकर ठेवला. त्यावर गाणं लावायचं नाही, कारण गाण्याचा आवाज क्षणाक्षणाला वरखाली होतो. आम्ही एकसारखा खळखळाट लावला, टीव्हीला सिग्नल नसताना येतो तसा. फोन हाताभर अंतरावर धरून, स्पीकरच्या तोंडासमोर सरळ रेषेत चालत गेलो आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबून सरासरी घेतली.

एक मीटरवर ८८ आला. दोनवर ८२, चारवर ७६, आठवर ७०, सोळावर ६४. भाचीला विश्वास बसेना, पुस्तकातलं इतकं सरळ मैदानावर उतरतं हे तिला नवं होतं. बत्तीस मीटरवर ५८ यायला हवे होते, आले ५९. चौसष्टवर ५२ यायला हवे होते, आले ५५. आणि त्याहून दुप्पट लांब, मैदानाच्या पार कडेला, ४६ ऐवजी ५३.

तिला वाटलं नियम लांबवर मोडतो. मी तिला स्पीकर बंद करून मोजायला सांगितलं. ५२. रस्त्यावरच्या रिक्षा, पाखरं, लांबचा हॉर्न, हे सगळं मिळून मैदानाचा आपलाच आवाज ५२ डेसिबल होता. चौसष्ट मीटरवर स्पीकरचेही ५२ आणि परिसराचेही ५२. दोन सारखे आवाज मिळाले की ऊर्जा दुप्पट, म्हणजे ३ अधिक, म्हणून ५५. (५२ आणि ५२ मिळून १०४ होत नाहीत. एवढं जरी कोणाच्या डोक्यात राहिलं तरी मला पुरे.) त्याहून लांब गेलं की स्पीकर परिसराच्या आवाजात बुडून जातो आणि आकडा खाली यायचं थांबतो. नियम मोडत नाही, फोनला फक्त दुसरंच काहीतरी जास्त ऐकू यायला लागतं. हे ओळखायची खूण सोपी आहे. उगम बंद करून मोजा. आकडा १० किंवा त्याहून जास्त खाली आला तर आधीचा आकडा बहुतांशी उगमाचाच होता. दोन-तीननेच खाली आला तर तुम्ही बराचसा परिसरच मोजत होता.

फोनच्या अॅपचा आकडा मुळातच दोन-चार डेसिबलने चुकलेला असू शकतो, ती चूक आम्ही तपासली नाही. पण फोन जर सगळीकडे तेवढाच चुकत असेल, तर दोन आकड्यांमधला फरक बरोबरच राहतो, आणि आम्हाला फरकच हवा होता.

तर मैदानावर नियम खरा. मग गल्लीतले साडेतीन डेसिबल गल्लीचेच. फुगा चहूबाजूंनी पसरतो असं मी वर म्हटलं, पण गल्लीत दोन्ही बाजूंना भिंती आहेत. बाजूला गेलेला आवाज भिंतीवर आपटून परत गल्लीतच येतो, म्हणजे भाकरी थापताना परातीची कड आड येते आणि पीठ कडेला साचतं. अण्णांच्या पाठीशी त्यांच्या घराची भिंत होती. भिंतीजवळ मोजलं तर थेट आलेला आणि भिंतीवरून उलटलेला असे दोन्ही आवाज मिळतात, त्यानेच जवळजवळ ३ पर्यंत वाढ होते. तिसरी गोष्ट मला नंतर सुचली. मंडळाचा पोरगा कर्ण्याच्या खाली उभा होता, आणि कर्णा आवाज समोर फेकतो, खाली नाही. समोर २ मीटरवर मोजलं असतं तर त्याच्या फोनवर शंभराहून जास्त आलं असतं. या तिघांतलं कोणाचं किती ते वेगळं काढता येणार नाही, पण साडेतीनचा हिशेब लागायला एवढं भरपूर आहे.

‘बिंदू उगम’ असा शब्द पुस्तकात येतो तो याचसाठी. नियम लहान उगमाला लागू होतो, आणि लहान-मोठं ठरतं ते तुमच्या अंतराच्या तुलनेत. माझा स्पीकर वीतभर होता, म्हणून एका मीटरपासूनच हिशेब जुळला. मिरवणुकीतली डीजेची भिंत चार मीटर रुंद असेल, तर तिच्यापासून दोन मीटरवरून चार मीटरवर गेलात तरी ६ डेसिबल कमी होणार नाहीत. जवळून ती बिंदू नसून खरंच भिंत असते. तिच्यापासून तिच्या रुंदीच्या काही पट लांब गेलात की मग ती बिंदूसारखी वागू लागते. लांबलचक मालगाडी तर बाजूने जाताना एक रेघच असते. तिचा आवाज फुग्यासारखा न पसरता नळकांड्यासारखा पसरतो, आणि अंतर दुप्पट झालं की ६ नव्हे, ३ च कमी होतात. आणि मागाच्या कारखान्यात, चार भिंती आणि वर पत्रा असताना, मागापासून थोडं लांब गेलं की आकडा घटायचंच थांबतं. तिथे थेट आलेल्या आवाजापेक्षा घुमून आलेला जास्त असतो, आणि तो खोलीभर जवळजवळ सारखाच भरलेला असतो.

आता तिसऱ्या दिवशीची बैठक. अण्णांची मागणी, आवाज कमी करा. मंडळाचं म्हणणं, कर्णा दहा फूट मागे घेतो, विषय संपला. सगळ्यांना ही तडजोड पटली होती, दहा फूट म्हणजे काही कमी नाही. मी कागदावर मांडून दाखवलं. दहा फूट म्हणजे ३ मीटर. अण्णांसाठी अंतर ६० चं ६३ होतं. ६३ भागिले ६० म्हणजे फक्त १.०५ पट, आणि त्याचे डेसिबल होतात ०.४. कोणाच्याही कानाला कळणार नाही. तेच ३ मीटर कर्ण्यापासून २ मीटरवर बसणाऱ्या माणसासाठी २ चे ५ करतात, अडीच पट, म्हणजे ८ डेसिबल. तोच कर्णा, तेच दहा फूट, पण एकाला ८ आणि दुसऱ्याला अर्धाही नाही. डेसिबलला मीटर किती सरकलात याच्याशी देणंघेणं नाही, किती पट लांब गेलात एवढंच ते विचारतं. एक मीटरवरून दोनवर जायला ६ लागतात आणि एक किलोमीटरवरून दोनवर जायलाही ६ च. जुनी माणसं सांगतात, मिलचा भोंगा कुठल्या कुठे ऐकू यायचा. त्यात हेही एक कारण आहे, लांब गेल्यावर आवाज मारायला फार जमीन तुडवावी लागते.

मग किती कमी करायला हवं? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा सरासरी ५५ आणि रात्री ४५ डेसिबल दिलेले आहेत. सार्वजनिक जागी लाऊडस्पीकर असेल तर त्या जागेच्या हद्दीवर या आकड्याच्या वर १० पर्यंत, किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. आमच्यासाठी दिवसा ६५. मांडवाच्या जागेची सगळ्यात जवळची कड कर्ण्यापासून १० मीटरवर येते. २ चे १० म्हणजे पाचपट, म्हणजे १४ वजा, म्हणून कडेला ८६. हवेत ६५, जास्तीचे २१.

हे २१ अंतराने काढायचे तर हद्द कर्ण्यापासून ११ पटीहून लांब हवी, ११२ मीटरवर. आमची गल्लीच तेवढी नाही. बटणाने काढायचे तर कर्ण्याला जाणारी वीज सव्वाशेवा हिस्सा करायची. हे ऐकून मंडळाची पोरं हसली, सव्वाशेवा हिस्सा म्हणजे बंदच की ओ सर! बंद नाही. कान ऊर्जेच्या हिशेबाने ऐकत नाही. साधारण १० डेसिबल उतरले की आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, तेव्हा २१ उतरले की तो चौथाईच्या आसपास वाटेल. कर्ण्याखालच्या पोराला तरीही ७९ डेसिबल ऐकू येतील, आणि आरतीला तेवढे पुष्कळ.

एका पोराने मात्र खरी अडचण काढली. मांडवात शेवटची रांग १६ मीटरवर बसते, तिला कमी ऐकू येईल. बरोबर. पुढची रांग कर्ण्यापासून २ मीटरवर आणि शेवटची १६ वर असेल तर दोघींत आठपटीचा म्हणजे १८ डेसिबलचा फरक पडतो, आणि शेवटच्या रांगेसाठी वाढवलेला आवाज पुढच्यांच्या कानशिलात बसतो. यावर उपाय कर्णा उंच बांधणे. आमचा पुढच्या रांगेच्या कानापासून साडेचार मीटर वर गेला. त्यामुळे पुढच्या रांगेचं तिरकं अंतर जवळजवळ ५ मीटर झालं आणि शेवटच्या रांगेचं साडेसोळाच्या वर. आता दोघींत सव्वातीन-साडेतीन पटीचाच फरक, म्हणजे साधारण साडेदहा डेसिबल. पुढच्यांना त्रास कमी, मागच्यांचं नुकसान अर्ध्या डेसिबलहूनही कमी. त्याच्या तोंडाचा रोख मागच्या रांगेकडे खाली वळवला की तिचं आणखी भलं होतं, आणि गल्लीत जाणारा आवाजही कमी होतो.

कर्णा वर गेला. त्याच्या खाली २ मीटरवर फोन धरून पोरांनी बटण फिरवत फिरवत ८० वर आणलं. एक डेसिबलची सूट मंडळाने मागून घेतली. माझ्या हिशेबाने अण्णांच्या गॅलरीत ५४ च्या आसपास यायला हवे होते.

अण्णांनी वरून हाक मारली, फोन ५९ दाखवतोय. पोरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना कर्णा पूर्ण बंद करायला सांगितला आणि सगळे अण्णांच्या गॅलरीत गेलो. फोनवर ५८. कर्णा चालू केला की ५९, बंद केला की ५८.

खाली तळमजल्यावर खटखट, खटखट चाललं होतं. माग अण्णांचाच.